एका बोटाची ढील

ये, जवळ बस बघू. कागदावरच बस म्हणते मी, कारण तू खरी काय येत नाहीस. फोनवर विचारलंस, आजी, तुझ्या अंगणवाडीच्या दिवसांत पोरांचे दंड कसे मोजायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत "नंतर बोलू गं" म्हणून ठेवूनही दिलास. ही काय रीत झाली? म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही. आता तू नर्स झालीस, तुझ्या हातात पट्टी आली, म्हणून तुला आजी आठवली. असू दे. मी लिहून काढते. माझी शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नकोस. जेवण करून निवांत वाच.

नव्वदीची दहा वर्षं संपत आली होती तेव्हाची गोष्ट. केडगाव स्टेशनापासून दोन कोसांवर आपलं गाव, आणि मी तिथली अंगणवाडीची ताई. शाळेची मागची खोली आम्हाला दिलेली. पोरांना गाणी शिकवायची, सुकडीचं पीठ वाटायचं, लसीच्या दिवशी घरोघर हाका मारायच्या आणि दर महिन्याला वजनं घ्यायची. वजनाला टांगता काटा होता. छताच्या हुकाला अडकवायचा आणि खाली कापडी चड्डीसारख्या झोळीत पोर बसवायचं. पोर लोंबकळायला लागलं की असा सूर लावायचं की पलीकडच्या वर्गातले मास्तर फळा पुसायचं सोडून दारात यायचे. पुढे त्या काट्याची स्प्रिंग गेली. कुणालाही बसवा, काटा सात किलोच्या पुढे सरकेना. एकदा गंमत म्हणून मी माझी शिवणाच्या कापडांची पिशवी अडकवली, तीही सातच किलो भरली. काटा दुरुस्तीला गेला आणि तिकडेच राहिला.

हां, शिवणाचं सांगायचं राहिलं. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि मग घरी माझं मशीन चालू व्हायचं. मी शिवण शिकले केडगावलाच, मिशनच्या आवारात राहणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंकडे. फार मायाळू बाई. न्हावऱ्याकडच्या माहेराहून मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यांनी मला ब्लाउजपर्यंत नेलं. त्यांचा एक नियम होता. दंडाचं माप घेताना टेप अंगाला चिकटवायचा नाही. बाईमाणूस असेल तर टेपाखाली दोन बोटं, लहान पोर असेल तर एक बोट, आणि मग आकडा वाचायचा. "अंगाला हवा लागली पाहिजे, हात वर केला की बाही उसवली न्हाई पाहिजे," म्हणायच्या. त्या एका नियमावर मी गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि एकीची बाही काखेत उसवली नाही. हे तुला का सांगते ते पुढे कळेल.

तर काटा गेला, आणि आमच्या बाईंनी पट्ट्या आणल्या. बाई म्हणजे मुख्यसेविका, आठ-दहा गावांच्या अंगणवाड्या बघायच्या. उंच, सडपातळ, खांद्याला कायम पर्स. बोलायला गोड, पण रजिस्टर उघडलं की डोळे मांजरासारखे. दौंडच्या महिन्याच्या बैठकीत त्यांनी प्रत्येकीच्या हातात एकेक पट्टी दिली. वीतभरापेक्षा थोडी जास्त लांब, बोटभर रुंद, गुळगुळीत, आणि तिच्यावर तीन रंग: लाल, पिवळा, हिरवा. बाई म्हणाल्या, एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत पोर उंचीनं वाढतं, वजनानं वाढतं, पण चांगलं खातंपितं पोर असेल तर त्याच्या दंडाचा घेर फार बदलत नाही. म्हणून या वयाच्या सगळ्या पोरांना एकच पट्टी चालते. पोराचं नेमकं वय माहीत नसलं तरी अडत नाही. साडेतेरा सेंटीमीटरच्या वर गेलं तर हिरवं, पोर चांगलं. साडेबारा ते साडेतेरा पिवळं, लक्ष ठेवा. साडेबाराच्या खाली लाल, मग मात्र त्याला डॉक्टरला दाखवल्याशिवाय राहायचं नाही.

मला ती पट्टी फार आवडली. नुसती पर्समध्ये टाकली की वस्तीवर निघता येतं, हूक नको, झोळी नको. ती कशी लावायची हे बाई पुढे उभ्या राहून दाखवत होत्या. डावा हात घ्या, खांद्याचं हाड इथं, कोपराचं टोक तिथं, मधला भाग काढा. मी मागच्या बाकावर. शेजारणीला म्हणाले, "मला काय शिकवतात गं दंड मोजायला. वीस वर्षं तेच करतीय." आणि आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. बघ, मी लपवत नाही.

गावात आले आणि चार दिवसांत सगळी पोरं मोजून काढली. पट्टी दंडाभोवती गुंडाळायची, आत माझं एक बोट सरकवायचं, सवयीनं हां, मला कळतही नव्हतं मी बोट घालते म्हणून, आणि मग रंग बघायचा. हिरवा. पुढचं पोर, हिरवा. एखाददुसरं पिवळं. लाल एकही नाही. माझी छाती फुगली. आमच्या मदतनीस मावशी तर म्हणाल्या, "ताई, आपल्या सुकडीचा गुण हाय." मला वाटलं, असेलही.

चौथ्या दिवशी मी माळावरच्या वस्तीवर गेले. तिथे धनगराचं एक घर होतं. शेती झाली होती, विहीर झाली होती, पण शे-सव्वाशे मेंढरंही होती अजून. दिवाळी झाली की घरातली काही माणसं मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायची आणि ज्येष्ठात परत यायची; मेंढरं, घोडं, माणसं, हे सगळं फिरतं बिऱ्हाड म्हणजे वाडा. घरात आबा, म्हणजे सासरे, त्यांची बायको, तिला सगळा गाव आत्या म्हणायचा, मुलगा, सून आणि सुनेची अडीच वर्षांची पोर. पोरगी गप्प गप्प. आईच्या कडेवरून उतरायची नाही. अंगात आज्यानं विणून घेतलेला लोकरीचा जाड स्वेटर.

सून मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, ही खात न्हाई हो. मला हलकी लागती. परवा वाड्यासंगं निघायचं हाय, आठ म्हैने चालायचं, रोज नवा मुक्काम. हिला न्यावं का न्हाई, मला काय कळना झालंय."

ती बोलत होती तोवर आत्या आल्याच. आत्यांचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण आपलं तेच खरं करायची सवय. म्हणाल्या, "काय सांगती ताईंना? आमच्या घरात समदी काटकच. ह्यो बापबी असाच हुता, काडीवानी. आता बघा, मेंढरू खांद्यावर टाकून डोंगर चढतोय."

"मापच घेऊ की," मी म्हणाले, "भांडण कशाला."

स्वेटरची बाही वर केली, पट्टी गुंडाळली, बोट सरकवलं. रंग हिरवा. अगदी काठावर, पण हिरवा. आत्यांनी वाकून बघितलं आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिरवी हाय, सरकारी पट्टीवर हिरवी हाय पोर. झालं का समाधान, सूनबाई?"

सुनेनं बाही खाली ओढली आणि पोरीला उचललं. तिचं ते तोंड मला आजही दिसतं. मी मात्र चहा पिऊन, रजिस्टरात हिरवी खूण करून, गाणं म्हणत घरी आले.

तीनच दिवसांनी, पट्ट्यांचं काम तपासायला म्हणून बाईंनी पुन्हा दौंडला बैठक बोलावली. बाईंनी माझं रजिस्टर उघडलं आणि पान उलटं-सुलटं केलं.

"तुमच्या गावात लाल कुणीच नाही?"

"न्हाई बाई."

"मेंढपाळ वस्ती, वीटभट्टी, ऊसतोडीची कोपटी, सगळं आहे तुमच्याकडे. आणि सगळी हिरवी?"

"सुकडी नीट वाटतो आम्ही," मी म्हणाले. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

बाई रागावल्या नाहीत. एका ताईची तीन वर्षांची नात बरोबर आली होती, तिला त्यांनी टेबलावर बसवलं आणि मला म्हणाल्या, "घ्या माप."

मी पट्टी गुंडाळली. बाईंनी माझा हात धरला आणि पट्टीखालून माझं बोट असं बाहेर ओढलं, जशी म्यानातून सुरी काढावी. "हे काय?"

"ढील, बाई."

"कशाची ढील?"

"बाहीची. अंगाला हवा नको का लागायला?"

अगं, सगळी बैठक हसली. मीही हसले, काय करणार. बाई हसू दाबत म्हणाल्या, "ताई, आपल्याला हिला पोलकं शिवायचं नाही. हिच्या दंडावर मांस किती ते बघायचंय. तुमचं बोट पोरीचं मांस म्हणून मोजलं गेलं."

मग त्यांनी पहिल्यापासून दाखवलं, आणि या वेळी मी मागच्या बाकावर नव्हते. पोरीचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवला. एक सुतळी घेतली, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत धरली, तिची बरोबर दुमड केली आणि मधोमध पेनानं बारीक खूण केली. मग हात सरळ खाली सोडायला लावला, ढिला, अंग न आखडता. खुणेवर पट्टी गुंडाळली. कातडीला सगळीकडून टेकलेली, पण कुठं दबून वळी पडलेली नाही. "आवळायची नाही, सोडायची नाही," बाई म्हणाल्या. "आवळलीत तर चांगलं पोर आजारी दिसेल, सोडलीत तर आजारी पोर चांगलं दिसेल." टेबलावरची पोर माझ्या मापानं हिरवी होती, बाईंच्या मापानं पिवळी निघाली. कपड्यावरून घ्यायचं नाही हेही त्यांनी सांगितलं, ते तरी मी पाळलं होतं. मोठ्या बायकांचाही असाच घेर घेता येतो म्हणाल्या. बाईचा दंड बावीस सेंटीमीटरच्या खाली असेल तर तीही अशक्त समजायची आणि दवाखान्यात पाठवायची.

सगळ्या हसत होत्या आणि मी माझ्या बोटाकडे बघत राहिले. मला माळावरची ती पोर दिसायला लागली. माझ्या बोटासकट ती काठावर हिरवी होती. बोट काढलं तर ती कुठं जाणार? आणि वाडा तर निघणार होता. निघालाही असेल. माझी खूण बघूनच त्यांनी पोरीला बरोबर घेतलं असेल.

बैठक संपायची वाट न बघता मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इथं काय करताय? जा." दौंडहून शटल धरली, केडगावला उतरले. तुझे आजोबा लुना घेऊन केडगावच्या बाजारात आलेच होते, त्यांना गाठलं. मी मागं बसले आणि म्हणाले, "घरी न्हाई. माळावर चला."

"जेवलीस का?"

"चला आधी."

वस्तीवर आत्या एकट्याच ओट्यावर तूर निवडत बसलेल्या. वाडा काल सकाळीच निघाला म्हणाल्या. आबा, मुलगा, सून, पोर, घोडा, कुत्री, कोंबड्यांची खुराडीसुद्धा. आत्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्या यंदा मागं राहिल्या होत्या आणि खूष होत्या. कशाला आला विचारलं तर मी काय सांगू? म्हणाले, "पोरीचं माप परत घ्यायचंय."

"घेतलंय की. हिरवं."

"माझं चुकलं आत्या."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. यवतच्या वाटेकडे हात करून म्हणाल्या, "वाडा त्या अंगाला ग्येलाय." आम्ही तिथून निघालोच.

मेंढरं काय लांब जात नाहीत गं. चरत चरत दिवसाला दोन-तीन कोस. रस्त्यात लेंड्या दिसत होत्या, तुझे आजोबा त्यांच्या मागावर लुना चालवत होते आणि वर मला म्हणत होते, "आयुष्यात पहिल्यांदा लेंड्यांचा पाठलाग करतोय, तेबी सरकारी कामाला." यवतच्या अलीकडे हायवेपासून आत, एका बागायतदाराच्या पडीक तुकड्यात वाडा उतरला होता. मेंढरं रानात बसली की खत पडतं, म्हणून शेतकरी आनंदानं जागा देतात. ऊन कलायला लागलं होतं. सून तीन दगडांची चूल मांडत होती, पोर तिच्या पाठीला चिकटलेली. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे.

मी हात जोडले आणि खरं ते सांगून टाकलं. बोट घातलं, माप चुकलं, परत घेऊ द्या.

आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "परवा हिरवी म्हनला. आज काय निघंल? ताई, तुमची पट्टी हाय का सरडा हाय?"

मुलगा हसला. तुझे आजोबाही हसले, माझ्याकडे बघून गप्प झाले.

"पट्टी बरोबर हाय आबा. बोट माझं चुकलं."

"वाडा उठलाय. आता माघारी फिरत न्हाई. मुहूर्तानं निघालोय. चुलीपाशी बाई पायजे, कोकरं सांबाळायला पायजे. तुम्ही म्हनशीला लाल, मग आम्ही काय करायचं? मानसं कुठनं आनायची?"

त्यांचं खोटं नव्हतं. वाड्यात बाईमाणसाचं काम किती असतं ते मी बघितलं होतं. समोर मेंढरं बसलेली, दाट लोकरीची, गुबगुबीत दिसणारी. आणि मला एकदम विचारावंसं वाटलं.

"आबा, ह्यातलं बारीक झालेलं मेंढरू कोनचं, ते नुसतं बघून कळतं का हो?"

"बघून?" आबा हसले. पहिल्यांदाच. "लोकर बघून येडं बी फसंल. हात घालावा लागतो." ते जवळच्या एका मेंढीपाशी गेले आणि त्यांनी लोकरीत बोटं खुपसून तिच्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही अंगाला दाबली. "इथं बोटाला हाड टोचलं की समजायचं, मेंढरू आतनं गेलंय. वरनं कितीबी फुगलेलं दिसू दे."

"मग मी लोकरीसकट मोजलं होतं असं समजा," मी म्हणाले. "आता तुम्ही हात घाला."

आबांनी काठी मेंढीपाशीच टाकली. मग सुनेपाशी गेले, पोरीला तिच्या पाठीवरून काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. तिचा स्वेटर त्यांनी स्वतः काढला. त्यांचं ते जाड, चिरा पडलेलं बोट आणि अंगठा पोरीच्या दंडाभोवती सहज मिटला. दोनदा मिटला, दोनदा उघडला. पोर आज्याच्या मिशीकडे बघत होती.

"घ्या तुमचं माप," ते म्हणाले.

मी सुतळी काढली. कोपर वाकवलं, मधली खूण केली, हात सोडवला, पट्टी टेकवली. माझं ते बोट मी मुद्दाम दुमडून ठेवलं होतं. लाल. पावणेबाराच्या जरा पुढे. बाईंनी सांगितलं होतं म्हणून मी दोन्ही पायांवर अंगठाही दाबून बघितला, खळगा पडत नव्हता, सूज नव्हती. तेवढाच एक दिलासा.

सून खाली बघून म्हणाली, "मला वाटतच हुतं." एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. मला मात्र जमिनीत जावंसं वाटलं. तिच्या आईपणाला कळलेलं मी एका बोटानं खोटं पाडलं होतं.

आबा उठले. पोरगा म्हणाला, "आबा, मग चुलीचं?" आबांनी त्याच्याकडे न बघता तुझ्या आजोबांना विचारलं, "पाव्हनं, त्या फटफटीवर किती मानसं बसत्यात?"

"दोन. मनात आनलं तर तीन."

"मग आमची सून आन् पोर घिऊन जावा. ताई इथं थांबत्याल तवर. आन् येताना म्हातारीला घिऊन या."

"आत्यांना?" मी विचारलं. "त्यांचे गुडघे दुखत्यात ना?"

"माझ्यासंगं तीस वर्सं चालली, आता घोडं हाय बसायला. पोर हिरवी म्हनून तिनंच गाव गोळा क्येला हुता ना? आता तिनंच चूल सांबाळावी."

तर मी त्या संध्याकाळी धनगराच्या वाड्यात भाकऱ्या थापत बसले. काय करणार, चूल पेटलेली आणि बाईमाणूस मी एकटीच. आबांनी माझी भाकरी हातावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "माप बरं हाय." मी पुढची थापायला घेतली. अंधार पडायच्या आत आत्या आल्या, लुनावर पाय एका बाजूला सोडून, मांडीवर बोचकं, तोंडात अखंड बोलणं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या उतरल्या, आधी आबांना म्हणाल्या, "पोरीला शेरडी ठिवायची हाय का न्हाई मागं, का त्येबी मीच सांगू?" आणि दुसऱ्या दिवशी एक दुभती शेळी खरंच माळावर पोचती झाली. मला एवढंच म्हणाल्या, "ताई, चुकलं म्हनायला आलात, ते बरं क्येलं."

त्याच दिवशी मी पोरीला आणि तिच्या आईला यवतच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, घाई करत नव्हते. त्यांनी पोरीला ताप नाही, सूज नाही, छाती स्वच्छ आहे हे बघितलं, तिथंच एक वाटी खिचडी मागवली आणि ती खाते का ते पाहिलं. सावकाश का होईना, तिनं खाल्ली. म्हणाले, भूक आहे म्हणजे घरी ठेवता येईल. जंताचं औषध दिलं, कानातून घाण येत होती त्याचं औषध दिलं, आणि सांगितलं की मोठ्यांबरोबर दोन वेळा जेवून या पोरीचं भागणार नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. तेल किंवा तूप घालून घट्ट. दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, आणि खाणं सोडलं, जुलाब लागले, पाय सुजले तर पंधरा दिवस थांबायचं नाही.

मग मी म्हणाले, आईचाही घेर घेऊ. माझा शिवणाचा टेप पर्समध्ये असतोच. तिचा डावा दंड, मधली खूण, टेप टेकवला, बोट नाही. एकवीस भरला. डॉक्टरांनी तिच्या पापणीखाली बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, ते कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन मी माझी मापांची वही काढली. तिच्या लग्नातल्या ब्लाउजची बाही माझ्याच हातची. त्यानंतर दोनदा तिनं बाही आत घ्यायला आणली होती, वहीत लिहिलेलं होतं, आणि दोन्ही वेळा मी हसत म्हटलं होतं, बारीक झालीस गं, छान दिसतेस. बघ बाई. कात्री हातात असली की माणूस कपडाच बघतो.

पुढचे महिने मजेत गेले. माळावरच्या घरात त्या दोघीच. सून पातेलं मधे ठेवायची आणि दोघी एकाच ताटात जेवायच्या, आधी कोण आणि मागून कोण हा प्रश्नच राहिला नाही. सुकडीत शेळीचं दूध, भाकरीत शेंगदाण्याचं कूट आणि गूळ, डाळीत तेल. मला बघितलं की पोर स्वतःच डावी बाही वर करायची. पहिल्या महिन्यात पट्टी हललीच नाही, मी काळजीत. बाई म्हणाल्या, धीर धरा, दंड हा केळीसारखा वाढत नाही. तिसऱ्या महिन्यात पिवळ्यात आली. त्या दिवशी तिनं मदतनीस मावशींच्या हातावरचा सुकडीचा लाडू हिसकावला आणि मावशी नुसत्या बघत राहिल्या, इतका आनंद.

मधल्या काळात मी गावातली सगळी पोरं पुन्हा मोजली. घरोघर जाऊन सांगायची, आधी मी बोट घालून मोजलं, आता बोटाशिवाय मोजते. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, "ताई, मग आमच्या पोलक्याचं माप कसं घेनार?" दोन पोरं लाल निघाली, पिवळी बरीच. त्यांचंही पुढे बरं झालं. पण माझं लक्ष माळावर.

ज्येष्ठात वाडा परतला. आत्या घरी पिशवी ठेवून तशाच अंगणवाडीत आल्या, काळ्या ठिक्कर पडलेल्या, तुरुतुरु चालत. सून आणि पोर तिथंच होत्या. आत्या म्हणाल्या, "काढा पट्टी. माझ्यासमोर."

मी काढली. आत्यांनी माझी दहाही बोटं आधी नीट बघून घेतली, आयाबाया हसायला लागल्या. खूण केली, हात सोडवला, पट्टी टेकवली. पट्टीखाली काही सरकवलंय का म्हणून आत्यांनी स्वतःचं नख घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही. रंग हिरवा. काठावरचा नाही, आतला. पोर तोवर कंटाळून पळालीसुद्धा.

आत्या सुनेला म्हणाल्या, "पुढच्या वर्सीबी मीच जाती वाड्यासंगं. तू पोरीला घिऊन शाळंपत्तूर हितंच ऱ्हा. कोकनात मासं लई ग्वाड मिळत्यात, आन् तुझा सासरा मला घोड्यावर बसवतुया. हितं मला कोन बसवतंय घोड्यावर?"

सुनेचा दंड मी त्याच दिवशी घेतला, पावणेतेवीस. तिनं मला विचारलं, "ताई, बाही आता सैल करावी लागंल का?" मी म्हटलं, शिलाई आत भरपूर सोडलेली आहे, आणून दे.

ती पोर आता यवतला नांदते. परवा भेटली, कडेवर सहा महिन्यांचं पोरगं, अस्सल आज्यासारखं बघणारं. तुझ्याबद्दल विचारत होती, नर्सबाई कवा येनार म्हणून. दिवाळीच्या आधी ये, म्हणजे वाडा उठायच्या आत तुला माळावर नेता येईल. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण जातात अजून वाड्याला निरोप द्यायला. दुपारची शटल धर, मी केडगावला उभी राहीन. यंदा नको टाळूस, लवकर ये.